पेपर ट्रेडिंग की थोडे खरे पैसे? डेमो खाते जे शिकवत नाही त्याविषयी वारंवार विचारले जाणारे प्रश्न

येथील उत्तरे राष्ट्रीय शेअर बाजाराच्या (एनएसई) रोख विभागाला धरून लिहिली आहेत, म्हणजे शेअरची इंट्राडे किंवा डिलिव्हरी खरेदी-विक्री. उदाहरणांतील शेअर आणि भाव कल्पित आहेत. कर आणि शुल्कांचे दर मात्र प्रत्यक्षातले आहेत. ते बदलत असल्यामुळे स्वतःच्या कॉन्ट्रॅक्ट नोटवर एकदा पडताळून घ्यावेत.

पेपर ट्रेडिंगचा खरा उपयोग कोणता?

खरे पैसे न लावता सौदे केल्याची नोंद ठेवणे म्हणजे पेपर ट्रेडिंग. कोणी ते वहीत करतो, कोणी एक्सेलमध्ये, तर कोणी डेमो खात्यात, जिथे सुरुवातीलाच काही लाखांचे आभासी भांडवल मिळते. ऑर्डरची खिडकी हाताखाली येण्यासाठी डेमो चांगला आहे. डिलिव्हरीसाठीची CNC आणि इंट्राडेसाठीची MIS ऑर्डर यांत फरक काय, ट्रिगर प्राइस कोठे भरायची, खरेदीच्या जागी चुकून विक्री दाबली तर काय होते, हे सगळे तेथे फुकटात शिकता येते आणि तेथेच शिकावे.

दुसरा उपयोग याहून मोठा आहे आणि त्याकडे सहसा दुर्लक्ष होते. डेमोतील परिस्थिती ट्रेडरच्या बाजूने झुकलेली असते, कारण ऑर्डर लगेच पूर्ण होते, खर्च बहुधा धरलेला नसतो आणि मनावर दडपण नसते. एवढी सवलत मिळूनही एखादी पद्धत तोट्यात जात असेल, तर ती खऱ्या बाजारात चालण्याची आशा फारच कमी असते, म्हणून ती तेथेच सोडून द्यावी. उलट बाजूने मात्र हा पुरावा लागू पडत नाही. डेमोतील नफ्यावरून पद्धत चांगली आहे असे ठरत नाही, आणि ते का ठरत नाही हे पुढील उत्तरांत आहे.

डेमोत नफा होत होता. तीच पद्धत, तेच शेअर, तरी खऱ्या खात्यात तोटा का होतो?

बहुतेक जण याचे उत्तर भीती आणि लोभ यांत शोधतात. त्यांचा वाटा आहेच, पण त्याआधी एक निव्वळ यांत्रिक कारण तपासावे लागते, ते म्हणजे लिमिट ऑर्डरची रांग.

एनएसईवर ऑर्डर जुळवताना आधी भाव पाहिला जातो आणि भाव सारखा असेल तर वेळ. समजा एखाद्या शेअरचा भाव १८१ रुपये आहे आणि तो १८० ला आला की घ्यायचा, असे आपण ठरवले आहे. १८० वर ५० शेअरच्या खरेदीची लिमिट ऑर्डर आपण लावतो. त्याच भावावर आपल्या आधी ४,२०० शेअरच्या ऑर्डर उभ्या आहेत. भाव १८० ला येतो, तेथे १,५०० शेअरचे सौदे होतात आणि भाव उलटून १८२ वर जातो. रांगेत आपल्या पुढचे २,७०० शेअर अजून शिल्लक असल्यामुळे आपल्याला एकही शेअर मिळालेला नसतो. साधे डेमो खाते ही रांग मोजत नाही. शेवटचा सौदा १८० ला झाला, आपली ऑर्डर १८० ची होती, म्हणून खरेदी झाली, एवढाच हिशेब ते करते आणि दोन रुपयांचा नफा आपल्या नावावर मांडते.

यापुढची गोष्ट अधिक महत्त्वाची आहे. काही ऑर्डर हुकल्या एवढेच असते, तर नफा आणि तोटा दोन्ही सारख्या प्रमाणात कमी झाले असते. प्रत्यक्षात तसे होत नाही. विकणाऱ्यांचा जोर एवढा असतो की रांगेतील सगळे ४,२०० शेअर संपून आपली पाळी येते, तेव्हाच भाव आणखी खाली जाण्याची शक्यताही वाढलेली असते. १८० ला नुसता स्पर्श करून वर जाणारे सौदे, म्हणजे सगळ्यांत चांगले सौदे, आपल्या हातून सुटतात, आणि १८० फोडून खाली जाणारा प्रत्येक सौदा मात्र आपल्याला नक्की मिळतो. डेमो दोन्ही प्रकारचे सौदे सारखेच धरतो. म्हणूनच डेमोतील आकडा केवळ मोठा दिसत नाही, तर त्यातील नफ्या-तोट्याचे प्रमाणच चुकीचे असते.

हा फरक आकड्यांत किती पडतो?

वरच्याच पद्धतीचे दहा प्रसंग घेऊ. प्रत्येक वेळी १८० ला ५० शेअर घ्यायचे, १८२ ला विकायचे आणि १७७.५० ला स्टॉपलॉस, म्हणजे नफा झाला तर शेअरमागे २ रुपये आणि तोटा झाला तर अडीच रुपये.

चार वेळा भाव १८० ला टेकून वर गेला. तीन वेळा तो १७९ च्या आसपास उतरला आणि मग १८२ ला पोहोचला. तीन वेळा तो सरळ खाली जाऊन स्टॉपलॉस लागला. डेमोत दहाही सौदे झाले. त्यात सात नफ्याचे सौदे धरून १४ रुपये मिळाले, तीन तोट्यांचे साडेसात गेले आणि शेअरमागे साडेसहा रुपये उरले. ५० शेअरवर हा नफा ३२५ रुपये झाला.

खऱ्या खात्यात पहिल्या चारपैकी एकाच वेळी रांग आपल्यापर्यंत पोहोचली, असे धरू. मधले तीन आणि शेवटचे तीन सौदे पूर्ण झाले. म्हणजे सात सौदे झाले, त्यांतील चार नफ्याचे आणि तीन तोट्याचे. आठ रुपयांतून साडेसात वजा जाता शेअरमागे अर्धा रुपया, ५० शेअरवर २५ रुपये उरले. सात इंट्राडे सौद्यांचा खर्च प्रत्येकी साडेनऊ रुपयांच्या आसपास धरला (हिशेब पुढे आहे), तर ६६ रुपये जातात आणि शेवटी ४१ रुपयांचा तोटा उरतो. पद्धत तीच, शिस्तही तीच, आणि मनाच्या कमकुवतपणाचा यात कोठे संबंधही आलेला नाही.

हा दोष आपल्या डेमोत आहे का, हे कसे ओळखावे?

डेमोतील नफ्याचे सौदे एकेक उघडून पाहावेत आणि खरेदीनंतर भाव आपल्या लिमिटच्या खाली गेला होता का, हे एका मिनिटाच्या चार्टवर तपासावे. नफ्याच्या बऱ्याच सौद्यांत त्या वेळचा नीचांक आणि आपली लिमिट तंतोतंत एकच असेल, तर तो नफा कागदावरचाच समजावा. यावर उपायही सोपा आहे. भाव आपल्या लिमिटच्या खाली उतरून तेथे सौदे झाले, तरच खरेदी झाली असे धरायचे आणि नुसत्या स्पर्शाला खरेदी मानायचे नाही. हा नियम लावून जुनी नोंद पुन्हा मोजली, तरी अनेक पद्धतींचा निकाल खरे पैसे न लावता लागतो.

मग लिमिट सोडून मार्केट ऑर्डर दिली तर प्रश्न मिटतो का?

ऑर्डर नक्की पूर्ण होते, पण तिची किंमत वेगळ्या खिशातून जाते. स्क्रीनवर मोठ्या अक्षरांत दिसणारा भाव हा शेवटच्या सौद्याचा असतो, आपल्याला मिळणारा नव्हे. मार्केट डेप्थ उघडल्यावर डाव्या हाताला घेणाऱ्यांचे पाच भाव आणि उजव्या हाताला विकणाऱ्यांचे पाच भाव दिसतात. शेवटचा भाव १८०.१० असताना घेणारे १७९.८० ला आणि विकणारे १८०.३५ ला उभे असतील, तर आपली मार्केट खरेदी १८०.३५ ला होते. लगेच विकायचे ठरवले तर १७९.८० मिळतात. भाव जागचा हललेला नसतानाही शेअरमागे ५५ पैसे, म्हणजे ५० शेअरवर साडेसत्तावीस रुपये गेलेले असतात. डेमो बहुधा दोन्ही सौदे १८०.१० ला दाखवतो. मोठ्या, खपाच्या शेअरमध्ये ही तफावत काही पैशांची असते. लहान कंपन्यांत, आणि विशेषतः सकाळी सव्वानऊनंतरच्या पहिल्या काही मिनिटांत, ती बरीच रुंद होते.

स्टॉपलॉस लावलेला असताना डेमोपेक्षा जास्त तोटा कसा होऊ शकतो?

स्टॉपलॉस म्हणजे ठरलेल्या भावाला सुटका होण्याची हमी, अशी समजूत डेमोतच पक्की होते, कारण तेथे १७७.५० चा स्टॉपलॉस १७७.५० लाच लागतो. प्रत्यक्षात १७७.५० हा फक्त ट्रिगर असतो. तो लागला की ऑर्डर बाजारात जाते, आणि पुढे काय होते हे तिच्या प्रकारावर ठरते.

SL प्रकारात ट्रिगरबरोबर लिमिटही द्यावी लागते. ट्रिगर १७७.५० आणि लिमिट १७७.३० ठेवली, आणि भाव १७७.६० वरून एकदम १७६.९० वर उतरला, तर ऑर्डर बाजारात जाते, पण १७७.३० ला घेणारा कोणी नसल्यामुळे ती तशीच उभी राहते. आपण सुटलो असे समजून ट्रेडर निर्धास्त असतो आणि भाव घसरतच राहतो. SL-M प्रकारात सुटका होते, पण जो घेणारा असेल त्याच्या भावाला. कोणता प्रकार चांगला, याचे सरसकट उत्तर नाही. SL मध्ये न सुटण्याचा धोका असतो आणि SL-M मध्ये वाईट भावाला सुटण्याचा. नवशिक्याने पहिला धोका टाळावा असे माझे स्पष्ट मत आहे. SL वापरायचाच असेल, तर ट्रिगर आणि लिमिट यांत पुरेसे अंतर ठेवावे.

याशिवाय दोन गोष्टी डेमोत क्वचितच अनुभवाला येतात. पहिली म्हणजे नेहमीचा स्टॉपलॉस त्या दिवसापुरताच असतो. साडेतीनला बाजार बंद झाला की तो रद्द होतो आणि डिलिव्हरीचे शेअर रात्रभर उघडे राहतात. दुसऱ्या दिवशी तो पुन्हा लावावा लागतो, किंवा ट्रिगर अनेक दिवस लावून ठेवणाऱ्या, ब्रोकरच्या जीटीटीसारख्या सोयीचा आधार घ्यावा लागतो, आणि भाव स्टॉपलॉसच्या खालीच उघडला तर तिचाही फारसा उपयोग होत नाही. दुसरी म्हणजे सर्किट. ज्या शेअरवर वायदे नाहीत, त्यांना दिवसाची २, ५, १० किंवा २० टक्क्यांची मर्यादा असते. असा शेअर लोअर सर्किटला लागला की घेणाऱ्यांची बाजू रिकामी होते, आणि विक्रीची ऑर्डर कितीही वेळा दिली तरी ती विकणाऱ्यांच्या रांगेत जाऊन उभी राहते. मार्केट डेप्थची डावी बाजू शून्य दिसणे म्हणजे काय, हे स्वतःचे शेअर अडकलेले असताना एकदा पाहिले की लहान कंपन्यांत किती रक्कम टाकावी याचा विचार आपोआप बदलतो.

खर्चाचा हिशेब नेमका कसा होतो?

५० शेअर १८० ला घेतले आणि १८१.८० ला विकले, म्हणजे ९,००० ची खरेदी, ९,०९० ची विक्री आणि ९० रुपयांचा ढोबळ नफा.

हा सौदा इंट्राडे असेल आणि ब्रोकर ०.०३ टक्के किंवा २० रुपये यांपैकी कमी ते घेत असेल, तर दोन्ही बाजूंची दलाली सुमारे साडेपाच रुपये होते. विक्रीवर ०.०२५ टक्के एसटीटीचे, म्हणजे शेअरच्या सौद्यांवरील सरकारी कराचे, सव्वादोन रुपये होतात आणि पूर्णांकात दोन धरले जातात. त्यात एक्सचेंजचे शुल्क, खरेदीवरील मुद्रांक शुल्क आणि दलाली व शुल्कावरील १८ टक्के जीएसटी मिळवला की एकूण खर्च साडेनऊ रुपयांच्या आत राहतो.

तोच सौदा डिलिव्हरीचा असेल, तर एसटीटी खरेदी आणि विक्री दोन्हींवर ०.१ टक्का लागतो, म्हणजे सुमारे १८ रुपये. खरेदीवर ०.०१५ टक्के मुद्रांक शुल्काचे १ रुपया ३५ पैसे होतात. डीमॅट खात्यातून शेअर बाहेर जाताना डीपी चार्ज लागतो. तो ब्रोकरनुसार बदलतो, येथे १५ रुपये धरू. दलाली शून्य असली तरी एकूण ३५ रुपये जातात, म्हणजे ९० रुपयांच्या नफ्यातील तिसऱ्या हिश्शाहून अधिक. ब्रोकर डिलिव्हरीवरही दर ऑर्डरला २० रुपये घेत असेल, तर जीएसटीसह आणखी ४७ रुपये जाऊन हातात आठ-नऊ रुपये उरतात.

सेबीने जुलै २०२४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासानुसार २०२२-२३ या वर्षात रोख विभागात इंट्राडे करणाऱ्या दर दहा व्यक्तींपैकी सात जणांना तोटा झाला होता, आणि तोट्यात गेलेल्यांनी आपल्या तोट्याच्या ५७ टक्के इतकी आणखी रक्कम खर्चापोटी भरली होती. ज्या डेमोत खर्च धरलेलाच नाही, त्यात हा भाग दिसण्याचा प्रश्नच येत नाही.

डेमोत एका क्लिकवर विक्री होते. खऱ्या खात्यात अडथळे कोणते येतात?

डीमॅटमधील शेअर विकताना, ब्रोकरला डीडीपीआय, म्हणजे विकलेले शेअर खात्यातून काढण्याचे अधिकारपत्र, दिलेले नसेल, तर त्या दिवशी सीडीएसएलचा टीपिन आणि मोबाइलवर आलेला ओटीपी भरून विक्रीला मंजुरी द्यावी लागते. भाव वेगाने उतरत असताना ओटीपीची वाट पाहणे हा वेगळाच अनुभव आहे. पोझिशन घेण्याआधीच ही सोय करून ठेवायला हवी, हे डेमो कधीच सुचवत नाही.

इंट्राडेत ब्रोकर बाजार बंद होण्याच्या काही मिनिटे आधी उघडे सौदे स्वतःहून कापतो आणि बरेच ब्रोकर त्यासाठी वेगळा आकार लावतात. काही शेअर ट्रेड-टू-ट्रेड गटात असतात, म्हणजे त्यांत इंट्राडे करताच येत नाही. आधी विकून नंतर घेण्याचा सौदा केला आणि शेअर अपर सर्किटला लागला, तर विकणारा मिळत नाही, शेअर देता येत नाहीत आणि प्रकरण लिलावात जाते, जेथे खरेदीचा भाव आपल्या हातात राहत नाही. डेमोत आधी विकण्याचा सराव करणाऱ्याने ही एक शक्यता तरी आधीच माहीत करून घ्यावी.

थोडे खरे पैसे लावल्याने मनाच्या बाबतीत काय वेगळे कळते?

खरे पैसे लागल्यावर माणूस नियम मोडतो, एवढे सांगून काही साधत नाही. तो कोणता नियम मोडतो आणि कोणत्या क्षणी, हे कळणे उपयोगाचे असते, आणि ते प्रत्येकाचे वेगळे असते. एका परिचित तरुणाने मला त्याच्या दोन्ही नोंदी शेजारी ठेवून दाखवल्या होत्या. डेमोत तो प्रत्येक वेळी टार्गेटला विकत असे. खऱ्या खात्यात त्याच्या नफ्याच्या विक्री १८०.७०, १८०.९०, १८०.८० अशा लिहिलेल्या होत्या आणि तोट्याच्या विक्री मात्र पूर्ण १७७.५० ला झाल्या होत्या. नफा हिरव्या आकड्यात दिसू लागला की तो टार्गेटपर्यंत थांबू शकत नव्हता, ४० रुपयांच्या आसपासच विकून टाकत असे. अडीच रुपयांचा धोका घेऊन ८० पैसे कमावणारी पद्धत दर चारांत तीन वेळा बरोबर आली, तरीही तोट्यातच जाते, आणि ती पद्धत त्याने निवडलेली नव्हती, हाताने परस्पर घडवली होती.

दुसऱ्या कोणाचा दोष वेगळा असतो. काही जण दोन तोटे लागोपाठ झाले की तिसरा इशारा सोडून देतात आणि नेमका तोच चालतो. काही जण स्टॉपलॉस जवळ आला की तो खाली सरकवतात किंवा शेअर आणखी घेऊन सरासरी भाव उतरवतात. डेमोत हे दोष दिसत नाहीत, कारण तेथे तोटा झाला की खाते पुन्हा शून्यापासून सुरू करता येते. ऑर्डरबुकमध्ये बदललेल्या आणि रद्द केलेल्या ऑर्डरही दिसतात. स्टॉपलॉस किती वेळा खाली सरकवला, हे तेथे वाचता येते. स्वतःच्या आठवणीपेक्षा त्या नोंदीवर विश्वास ठेवावा.

थोडे पैसे म्हणजे नेमके किती?

रक्कम दोन बाजूंनी बांधलेली असते. एका सौद्यात होणारा तोटा घरखर्चाला धक्का लावणारा नसावा, ही वरची मर्यादा. खालची मर्यादा खर्चाने ठरते. दोन हजार रुपयांच्या डिलिव्हरी सौद्यात १५ रुपयांचा डीपी चार्ज आणि एसटीटी मिळून सुमारे १९ ते २० रुपये जातात, म्हणजे शेअर जवळजवळ एक टक्का वाढल्याशिवाय मुद्दलही सुटत नाही. त्या आकाराला चांगली पद्धतही वाईट दिसते. म्हणून डिलिव्हरीसाठी एका सौद्याला दहा हजारांच्या आसपास रक्कम आणि शंभर ते दोनशे रुपयांचा ठरलेला तोटा, अशी सुरुवात मला योग्य वाटते. इंट्राडेत दलाली टक्केवारीत असेल, तर याहून लहान आकडाही चालतो. ब्रोकर देतो म्हणून उधारीचे मार्जिन मात्र या काळात घेऊ नये. कर्जाचे पैसे तर अजिबात नकोत.

ऑप्शनचा एक लॉट घेऊन शिकता येणार नाही का?

रोख विभागात एक शेअरही घेता येतो, त्यामुळे आकार हवा तेवढा लहान करता येतो. लॉट अर्धा करता येत नाही. नोव्हेंबर २०२४ पासून सेबीने इंडेक्सच्या नव्या करारांचे किमान मूल्य १५ लाख रुपये केले आहे. खरेदीचा प्रीमियम त्यामानाने थोडका दिसतो, म्हणून हे पैसेही थोडेच आहेत असा भास होतो, पण तो प्रीमियम एका सकाळीत निम्मा होऊ शकतो. शिवाय वेळेबरोबर झिजणारी किंमत आणि दूरच्या स्ट्राइकमधील रुंद तफावत यांमुळे चूक ऑर्डरची होती की अंदाजाची, हे नवशिक्याला वेगळे करता येत नाही. शिकण्यासाठी ही जागा नव्हे.

थोड्या पैशांचा अनुभव तरी पूर्ण खरा असतो का?

नाही. ५० शेअरची मार्केट ऑर्डर विकणाऱ्यांच्या पहिल्याच भावात मावते. ५,००० शेअरची ऑर्डर पहिला भाव संपवून दुसऱ्या, तिसऱ्या भावावर जाते आणि सरासरी खरेदी महाग पडते. म्हणजे लहान रकमेवर मिळालेला भाव मोठ्या रकमेला मिळेल असे धरता येत नाही. खर्चाची बाजू याच्या उलट आहे. डीपी चार्ज ठरावीक असल्यामुळे नऊ हजारांच्या डिलिव्हरी सौद्यात ३५ रुपये, म्हणजे सुमारे ०.३९ टक्के खर्च येतो. नऊ लाखांच्या सौद्यात तोच साधारण ०.२२ टक्क्यांवर येतो. लहान खात्याचा निकाल वाचताना ठरावीक खर्च बाजूला काढून एकदा आणि तो धरून एकदा, असा दोनदा वाचावा. मनाचेही तसेच आहे. दीडशे रुपयांचा तोटा शांतपणे घेणारा माणूस पंधरा हजारांचा तोटा तसाच घेईल, याची खात्री देता येत नाही. म्हणून रक्कम एकदम दहापट करण्यापेक्षा दुप्पट करत न्यावी आणि प्रत्येक टप्प्यावर पुढील उत्तरातली नोंद पुन्हा पाहावी.

डेमो आणि खरे खाते एकत्र चालवता येतात का?

येतात, आणि माझ्या मते दोन्हींचा सर्वांत चांगला उपयोग हाच आहे. एकाच इशाऱ्यावर दोन्ही ठिकाणी एकाच वेळी ऑर्डर लावायची आणि प्रत्येक इशाऱ्याची एक ओळ लिहायची: इशाऱ्याची वेळ, ठरवलेला भाव, डेमोत मिळालेला भाव, खऱ्या खात्यात मिळालेला भाव, बाहेर पडतानाचे दोन्ही भाव, प्रत्यक्ष खर्च आणि एका वाक्यात कारण. खरी ऑर्डर पूर्ण झाली नाही, तरी ओळ लिहायचीच. न झालेल्या सौद्यांच्या ओळी गाळल्या, तर रांगेचा परिणाम नोंदीतून नाहीसा होतो.

पन्नास-साठ ओळी झाल्या की दोन्ही निकालांतील फरक तीन भागांत वाटावा. डेमोत झालेले पण खऱ्या खात्यात न झालेले सौदे हा पहिला भाग. दोन्हीकडे झालेल्या सौद्यांत भावाचा आणि खर्चाचा फरक हा दुसरा. इशारा असूनही आपण न घेतलेले, आधीच विकलेले किंवा स्टॉपलॉस सरकवलेले सौदे हा तिसरा. पहिला भाग मोठा असेल, तर पद्धत लिमिट ऑर्डरच्या भ्रमावर उभी आहे, आणि शिस्त कितीही वाढवली तरी ती सुधारणार नाही. दुसरा मोठा असेल, तर शेअर कमी खपाचे आहेत किंवा टार्गेट खर्चाच्या मानाने फार जवळ आहे. तिसरा मोठा असेल, तरच मनावर काम करण्यात अर्थ आहे. ही वाटणी न करता स्वतःला बेशिस्त ठरवून मोकळे होणारे अनेक जण असतात, आणि त्यांची मेहनत चुकीच्या जागी खर्च होते याचे मला वाईट वाटते.

असे किती काळ करावे?

महिन्यांपेक्षा बाजाराच्या प्रकारावर लक्ष ठेवावे. ३ जून २०२४ ला निफ्टी २३,२६३.९० वर, तोपर्यंतच्या उच्चांकी पातळीवर बंद झाला होता, आणि लोकसभेच्या मतमोजणीच्या दिवशी, ४ जूनला, जवळजवळ सहा टक्के घसरून २१,८८४.५० वर आला. त्याआधीचे काही शांत आठवडे ज्याने डेमोत घालवले होते, त्याच्या नोंदीत अशा दिवसाचा मागमूसही नव्हता. थोड्या पैशांच्या नोंदीत निदान एक घसरणीचा आणि एक कंटाळवाणा, एकाच पट्ट्यात फिरणारा काळ येईपर्यंत रक्कम वाढवू नये.

डेमोची ॲप सुरक्षित आणि कायदेशीर असतात का?

वही किंवा एक्सेलमध्ये नोंद ठेवण्यात कोणतीच अडचण नाही. शेअरच्या ताज्या भावांवर चालणाऱ्या आभासी ट्रेडिंगच्या आणि पैसे लावून खेळल्या जाणाऱ्या स्पर्धांच्या ॲपविषयी मात्र सेबीने मे २०२४ मध्ये नियम कडक केले. शिक्षणासाठी भाव द्यायचे झाल्यास ते निदान एक दिवस जुने असावेत, असे तेव्हा ठरवले गेले, आणि नोव्हेंबर २०२४ मध्ये अशा अनधिकृत मंचांपासून सावध राहण्याचे आवाहनही करण्यात आले. येथे तक्रार निवारणाचे सेबीचे संरक्षण मिळत नाही. डेमो देणाराच काही दिवसांनी प्रवेश शुल्क किंवा ठेव मागू लागला, तर तेथून बाहेर पडावे.

परकीय चलनाची डेमो खाती देणारे परदेशी मंचही मराठीतून जोरात जाहिरात करतात. त्यांतील अनेक मंचांची नावे रिझर्व्ह बँकेने सप्टेंबर २०२२ पासून प्रसिद्ध केलेल्या सावधानतेच्या यादीत आहेत. अनधिकृत मंचावर परकीय चलनाचे व्यवहार करणाऱ्या भारतातील रहिवाशावर फेमा कायद्याखाली कारवाई होऊ शकते. त्यामुळे तेथे डेमो कितीही चांगला चालला, तरी खऱ्या पैशांकडे जाण्याचा पुढचा टप्पाच उपलब्ध नाही.

थोड्याशा इंट्राडे सौद्यांचाही कर भरावा लागतो का?

इंट्राडेतील नफा-तोटा प्राप्तिकर कायद्यात सट्टा व्यवसायाचे उत्पन्न धरला जातो आणि विवरणपत्रात तो व्यवसायाच्या उत्पन्नात दाखवावा लागतो. नोकरदारांचे नेहमीचे साधे विवरणपत्र त्याला चालत नाही. सट्ट्यातील तोटा पगारातून वजा करता येत नाही. तो पुढे ओढून फक्त अशाच प्रकारच्या नफ्यातून वजा करता येतो, आणि त्यासाठी विवरणपत्र मुदतीत भरलेले असावे लागते. वर्षभरात चार-पाचशे रुपयांचा तोटा झाला असला, तरी ब्रोकरकडून करविषयक अहवाल उतरवून घ्यावा आणि जुलैच्या गर्दीआधी आपल्या कर सल्लागाराला दाखवावा.